प्रभार देताना रिकामी पोतीही मोजावीत
अर्धवट राहिलेल्या सामायिक फाइलींतून हिशेबाचे टिपण कसे तयार होते?

हिशेबनीस नोकरी सोडून जातो तेव्हा मागे राहणाऱ्या गोष्टींत कुलूप, किल्ली आणि शिक्के यांची मोजदाद लगेच होते. पूर्वी दप्तर रुमालात बांधून पुढच्याच्या स्वाधीन केले जाई. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवाईतील कागद आजही 'रुमाल' या हिशेबानेच ओळखले जातात. रुमालाची गाठ सोडली की काय आहे आणि काय नाही, ते निदान डोळ्यांना दिसे. आता दप्तराची जागा संगणकावरील एका सामायिक फोल्डरने घेतली आहे. त्यात चार जणांनी वेळोवेळी भरलेल्या, कोणीच पूर्ण न केलेल्या आणि एकमेकींशी न जुळणाऱ्या फाइली असतात. फोल्डरची लिंक पाठवली म्हणजे प्रभार दिला, असा समज त्यामुळे सर्रास आढळतो. तो समज केवढ्याला पडू शकतो, हे चामोर्शीसारख्या धानाच्या तालुक्यात चटकन लक्षात येते.

वैनगंगेच्या काठाने पसरलेल्या गडचिरोली जिल्ह्यातील या तालुक्यात खरिपाचे मुख्य पीक धान हेच आहे. आधारभूत किमतीने होणाऱ्या खरेदीत आदिवासी विकास महामंडळ आणि पणन महासंघ या दोन अभिकर्ता संस्था काम करतात. महामंडळाची स्थापना १९७२ची असून त्याचे एक उपप्रादेशिक कार्यालय चामोर्शी तालुक्यातील घोट येथे आहे. प्रत्यक्ष केंद्रावर धान मोजून घेण्याचे काम मात्र गावोगावच्या आदिवासी विविध कार्यकारी सहकारी संस्था करतात. धानाचे पैसे शेतकऱ्याच्या बँक खात्यात परस्पर जमा होतात. संस्थेच्या वाट्याला येते ती खरेदीची नोंद, गोदामातील मालाची जोखीम, बारदान्याचा हिशेब, हमाली आणि थोडेसे कमिशन. माल संस्थेच्या ताब्यात, किंमत दुसऱ्याची आणि नोंद तिसऱ्याच ठिकाणच्या पोर्टलवर, अशी ही रचना आहे. त्यामुळे इथला लेखापाल बदलतो तेव्हा रोख शिल्लक जुळली एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही.

अशा एखाद्या संस्थेचे उदाहरण कल्पून पाहता येईल. पुढील आकडे विषय समजण्यासाठी घेतले आहेत. दर मात्र खरा, म्हणजे २०२४-२५च्या हंगामातील साधारण धानाचा क्विंटलला २,३०० रुपये हाच आहे. लेखापालाला दुसरीकडे नोकरी मिळाली आहे, हाती पाच दिवस आहेत, आणि सामायिक फोल्डरमध्ये एकोणीस फाइली आहेत. त्यांत `dhan_kharedi_final`, `dhan_kharedi_final_2` आणि `dhan_kharedi_navin` अशा तीन भावंडांचाही समावेश आहे.

आधी तारीख, मग फाइल

पहिली चूक होते ती फाइली एकेक उघडून 'पूर्ण' करण्याच्या नादात. पाच दिवसांत सगळ्या फाइली पूर्ण होणार नाहीत आणि घाईत भरलेला आकडा रिकाम्या रकान्यापेक्षा अधिक घातक ठरतो, कारण रिकामा रकाना निदान खोटे बोलत नाही. म्हणून आधी एक तारीख ठरवावी लागते. त्या दिवशी सायंकाळी केंद्र बंद झाल्यानंतरची स्थिती ती प्रभाराची स्थिती. त्यानंतरचा प्रत्येक व्यवहार उत्तराधिकाऱ्याचा. ही रेघ न मारल्यास दोन्ही लेखापाल एकाच फाइलीत लिहीत राहतात आणि पुढे कोणता आकडा कोणाचा, हे सांगणे अवघड होते.

त्यानंतर तीन भावंडांपैकी खरी कोणती, हा प्रश्न येतो. नावातील 'फायनल' या शब्दाला इथे काडीचीही किंमत नाही. शेवटचा बदल कोणत्या तारखेचा, हेही पुरेसे नाही, कारण नुसता रंग बदलला तरी तारीख पुढे सरकते. खरी कसोटी बाहेरच्या कागदाची असते. पोर्टलवरून लॉटनिहाय खरेदीचा अहवाल घ्यावा, हंगामाच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे काही दिवस निवडावेत, आणि त्या दिवसांचे वजन कोणत्या फाइलीशी जुळते ते पाहावे. जी जुळते ती ठेवावी. उरलेल्या दोन पुसू नयेत. त्यांच्या नावापुढे 'वापरू नये' असे लिहून त्या वेगळ्या फोल्डरमध्ये टाकाव्यात. पुसलेल्या फाइलीवर नंतर संशय येतो, बाजूला ठेवलेलीवर येत नाही.

एक फरक, दोन कारणे

या उदाहरणात पोर्टलप्रमाणे खरेदी १८,४५२.४० क्विंटल आहे. पोत्यात ४० किलो या मापाने ती ४६,१३१ पोती होतात. भरडाईसाठी गिरण्यांना दिलेल्या धानाच्या फाइलीची बेरीज १७,६१०.०० क्विंटल दाखवते. म्हणजे गोदामात ८४२.४० क्विंटल असायला हवेत. प्रत्यक्ष मोजणीत १,५१० पोती, म्हणजे ६०४ क्विंटल भरतात. फरक २३८.४० क्विंटलचा, आधारभूत दराने ५,४८,३२० रुपयांचा.

जाणारा लेखापाल इथे घाबरतो आणि येणारा सावध होतो. अनेकदा टिपणात 'धानात तूट आहे, तपासणी चालू' असे एक वाक्य लिहून दोघेही सही करतात. हे वाक्य कोणाच्याच कामाचे नाही. धान गेले, वाळले, की मुळात आलेच नव्हते, या तिन्ही शक्यता त्यात एकत्र कोंबलेल्या असतात आणि तिन्हींचे परिणाम अगदी वेगळे असतात.

गिरण्यांना दिलेल्या मालाची फाइल बारकाईने पाहिली असता एका ट्रकचा आकडा रकान्याच्या डाव्या कडेला चिकटलेला दिसतो. बाकीचे सर्व उजवीकडे आहेत. कोणीतरी घाईत '२००.०० क्विंटल' असे एककासह लिहिले आहे. डोळ्यांना तो आकडा दिसतो, पण संगणकाच्या लेखी तो शब्द आहे. बेरीज करताना तो निमूटपणे वगळला जातो आणि कोणतीही सूचना मिळत नाही. सामायिक फाइलींत हा दोष फार आढळतो, कारण भरणारे हात अनेक असतात. रकान्यात असे किती 'शब्द' दडले आहेत, हे एका ओळीत कळते:

```
=SUMPRODUCT(--ISTEXT(D2:D400))
```

उत्तर शून्य आले नाही तर बेरजेवर विश्वास ठेवू नये. इथे उत्तर १ येते. ट्रकचे चलन आणि गिरणीची वजनपावती फोल्डरमधील छायाचित्रांत सापडते. जावक १७,८१० क्विंटल होते आणि फरक ३८.४० क्विंटलवर, म्हणजे नेमक्या ९६ पोत्यांवर येतो.

फरक 'नेमक्या' पोत्यांचा असणे हाच पहिला इशारा आहे. धान वाळते तेव्हा पोते हलके होते, नाहीसे होत नाही. वाळल्यामुळे आलेली तूट पोत्यांच्या संख्येत दिसत नाही, वजनात दिसते. ९६ पोती कमी असतील तर ती एक तर गोदामातून गेली आहेत, किंवा कधी भरलीच गेली नव्हती.

रिकाम्या पोत्यांची साक्ष

या दोन शक्यतांत निवाडा करणारी फाइल बहुधा फोल्डरमधील सर्वांत दुर्लक्षित फाइल असते. ती बारदान्याची. हंगामासाठी संस्थेला ५०,००० रिकामी पोती मिळाली होती. ४६,१३१ भरली गेली असतील तर ३,८६९ शिल्लक हवीत. गठ्ठे सोडून मोजणी केली असता ३,९६५ निघतात. म्हणजे ९६ जास्त.

गोदामातून भरलेली पोती बाहेर गेली असती तर त्यांच्याबरोबर बारदानाही गेला असता आणि रिकाम्या पोत्यांचा हिशेब ३,८६९वर जुळला असता. इथे ९६ रिकामी पोती अजून घरातच आहेत. याचा अर्थ त्यांत धान कधी भरलेच गेले नाही. खरेदीच्या नोंदींत ९६ पोत्यांची अशी एक नोंद आहे, जिच्यामागे माल नाही. न आलेल्या धानाची नोंद करून पैसे उचलणे हा धानखरेदीतील गैरव्यवहाराचा जुना प्रकार आहे. अशी नोंद आढळली तर ती चूक की लबाडी, हे टिपण लिहिणाऱ्याने ठरवायचे नसते; मात्र ती नोंद कोणती, हे शोधणे त्याच्या आवाक्यात असते. फाटकी पोती गिरणीला किंवा महामंडळाला परत केली असल्यास ती आधी वजा करावी लागतात, नाहीतर हा सारा तर्क कोसळतो. या उदाहरणात तशी परतफेड झालेली नाही, असे समजू.

एकाच शेतकऱ्याने दोनदा धान विकणे यात गैर काही नाही. पण त्याच नोंदणी क्रमांकावर दोन्ही वेळा अगदी तेच वजन येणे संशयास्पद असते. 'ब' रकान्यात, म्हणजे संगणकाच्या B मध्ये, नोंदणी क्रमांक आणि D मध्ये वजन असेल तर पुढील सूत्र प्रत्येक ओळीसमोर अशी जोडी किती वेळा आली ते सांगते:

```
=COUNTIFS(B$2:B$900,B2,D$2:D$900,D2)
```

दोन ओळींसमोर २ हा आकडा येतो. नोंदणी क्रमांक एक, वजन दोन्हीकडे ३८.४० क्विंटल, तारखांत नऊ दिवसांचे अंतर. केंद्रावरील काट्याच्या वहीत मात्र त्या शेतकऱ्याचे वजन एकदाच आहे. फोल्डरमधील 'परत आलेली देयके' या अर्धवट फाइलीत उलगडा सापडतो. खाते क्रमांकात चूक झाल्याने ८८,३२० रुपये बँकेकडून परत आल्याची ओळ तिथे आहे. क्रमांक दुरुस्त करून तेच देयक पुन्हा पाठवण्याऐवजी केंद्रावर कोणीतरी नवीन लॉटच भरून टाकला. दुसऱ्या नोंदीचे पैसे शेतकऱ्याला मिळाले आहेत. पहिली रक्कम खरोखर परत गेली की काही दिवसांनी तीही खात्यात जमा झाली, याचा कागद फोल्डरमध्ये नाही.

पाच लाख ४८ हजारांची 'तूट' अशा रीतीने दोन ठिकाणी विरली. एक बेरजेतील चूक, जी दुरुस्त झाली. आणि एक दुहेरी नोंद, जी अजून दुरुस्त व्हायची आहे. आता खरेदी १८,४१४ क्विंटल, जावक १७,८१० क्विंटल, शिल्लक ६०४ क्विंटल. गोदाम, बारदाना आणि वही तिन्ही जुळतात.

वजनाचा प्रश्न राहतोच. खरेदीच्या वेळी धानात १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो आणि उचल लांबली की तो उडून जातो. थप्पीच्या वेगवेगळ्या थरांतून दहा पोती काढून वजन केले असता सरासरी ३९.४ किलो भरली, तर १,५१० पोत्यांत ९.०६ क्विंटल कमी आहेत. ही वाळवणीची घट. तिला किती सूट मिळते हे त्या हंगामाच्या आदेशावरून ठरते आणि सुटीवरची घट संस्थेच्या माथी येते. दहाच पोती का, असे कोणी विचारील. दहा हा आकडा पवित्र नाही. पण पोती दोघांच्या देखत आणि थप्पीच्या आतूनही निवडली पाहिजेत. दर्शनी थर नेहमीच जास्त वाळलेला असतो.

टिपणात काय लिहायचे

एवढे झाल्यावर टिपण लिहायला फार वेळ लागत नाही. मात्र त्याची मांडणी फाइलींच्या नावांनी करू नये. 'फाइल क्रमांक ७ : अपूर्ण' हे वाचून उत्तराधिकाऱ्याला काय करायचे ते कळत नाही. मांडणी न सुटलेल्या रकमांनी करावी आणि प्रत्येक रकमेखाली चार गोष्टी असाव्यात. काय सिद्ध झाले, कोणत्या कागदावरून झाले, काय सिद्ध व्हायचे आहे, आणि त्यासाठी पुढचे पाऊल कोणाकडे टाकायचे. दुहेरी नोंदीचे कलम साधारण असे होईल :

'खरेदी पोर्टलवर एका नोंदणी क्रमांकावर ३८.४० क्विंटलची नोंद दोनदा झाली आहे. काट्याच्या वहीप्रमाणे धान एकदाच आले. ९६ रिकामी पोती जास्त आहेत, मोजणी उभयतांसमक्ष झाली. दुसऱ्या नोंदीचे ८८,३२० रुपये शेतकऱ्यास मिळाले आहेत. पहिल्या नोंदीची रक्कम परत गेल्याचा बँकेचा कागद मिळालेला नाही. घोट कार्यालयाकडे नोंद रद्द करण्याचे पत्र द्यावयाचे आहे; मसुदा फोल्डरमध्ये आहे, पाठविलेला नाही.'

शेवटचे दोन शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत. मसुदा फोल्डरमध्ये दिसला की पत्र गेले असेल असे नवा माणूस गृहीत धरतो. अर्धवट फाइलींचा खरा धोका हाच की त्या झालेल्या कामासारख्या दिसतात.

हमालीच्या उचलीचेही असेच. ठेकेदाराला दिलेले ४०,००० रुपये किर्दीत असतात, पण सह्यांच्या पावत्या ३१,५०० रुपयांच्याच सापडतात. उरलेले ८,५०० रुपये खर्चात दाखवून तेरीज जुळवण्याचा मोह होतो. तसे न करता ते उचल म्हणून ठेकेदाराच्या नावेच राहू द्यावेत. पावत्या पुढे मिळाल्या तर उत्तराधिकारी ते खर्ची टाकील. न मिळाल्या तर वसुली कोणाकडून करायची हे त्याला ठाऊक असेल.

या काटेकोरपणामागे कायद्याचे कारणही आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०च्या कलम ८१ प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत लेखापरीक्षण पुरे व्हावे लागते. ३१ मार्चनंतर गेलेल्या लेखापालाच्या वर्षाचा हिशेब त्याच्या पश्चात तपासला जातो. संस्थेचे नुकसान झाल्याचे आढळल्यास कलम ८८ खाली आजच्याच नव्हे, तर माजी पदाधिकाऱ्यांवरही जबाबदारी निश्चित करता येते. सही केलेले, कागदांचे दाखले असलेले टिपण नसेल, तर दोन वर्षांनी '९६ पोती कुठे गेली' या प्रश्नाला गेलेला आणि आलेला, दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

शेवटच्या दिवसाची घाई

प्रभाराच्या दिवशी आणखी एक गोष्ट घडते, तीही सद्हेतूने. जाणाऱ्याचे नाव फोल्डरमधून तत्काळ काढले जाते. गुगल शीट्समध्ये एका फाइलीतील आकडे दुसरीत आणण्यासाठी IMPORTRANGE हे सूत्र वापरतात. त्यासाठी पहिल्यांदा ज्या व्यक्तीने परवानगी दिली, ती मूळ फाइलीतून वगळली गेली की ही जोडणी तुटू शकते आणि बेरजेच्या जागी #REF! दिसू लागते. काल जुळलेला गोषवारा आज रिकामा दिसतो आणि नवा माणूस पहिल्याच सकाळी हादरतो. म्हणून नाव काढण्यापूर्वी सर्व गोषवाऱ्यांची पीडीएफ काढून तिच्या छापील प्रतीवर दोघांनी सह्या कराव्यात, आणि जोडण्या उत्तराधिकाऱ्याच्या नावे नव्याने जोडून पाहाव्यात.

मालकीचाही प्रश्न आहे. लहान संस्थांत फोल्डर बहुधा लेखापालाच्या खासगी ईमेलवर तयार झालेला असतो. फोल्डरची मालकी बदलली तरी आतील फाइलींची आपोआप बदलत नाही; प्रत्येक फाइलीची मालकी देऊ करावी लागते आणि घेणाऱ्याने ती स्वीकारावी लागते. त्याऐवजी सगळ्या फाइलींच्या प्रती काढणे सोपे वाटते. पण प्रतीबरोबर जुन्या बदलांचा इतिहास येत नाही, आणि '२००.०० क्विंटल' हे शब्द कोणी, कोणत्या दिवशी लिहिले, हे त्या इतिहासावरूनच कळते. खरेदी, जावक, बारदाना आणि परत आलेली देयके या चार फाइलींची मालकीच हस्तांतरित करावी. बाकीच्यांच्या प्रतींनी भागते.

पोर्टलचा पासवर्ड लिफाफ्यात घालून दिला तरी ओटीपी जाणाऱ्याच्याच मोबाइलवर येत राहतो. तो क्रमांक बदलण्याचा अर्ज सहीशिक्क्यासह वरच्या कार्यालयाकडे द्यावा लागतो आणि बदल होईपर्यंत नवा लेखापाल पोर्टलवर लॉट भरू किंवा रद्द करू शकत नाही. वरील उदाहरणातील दुहेरी नोंद रद्द करण्याचे पत्रही त्या अर्जाबरोबरच घोटला न्यावे. टिपणाच्या तीन प्रती काढाव्यात. एक जाणाऱ्याकडे, एक येणाऱ्याकडे आणि एक अध्यक्षांच्या सहीने संस्थेच्या इतिवृत्ताच्या नस्तीत राहील.